दहा पुरावे जुळले म्हणून घोडा पक्का होत नाही

"घोडा आधी हेरा. मग त्याच्या बाजूचे किमान दहा पुरावे शोधा. अभ्यास जितका जास्त, तितकी पैज पक्की. तरी हरलात, तर समजा जॉकीने घोडा मुद्दाम रोखला."

हा मेसेज आमच्या कळव्याच्या ग्रुपवर आला तेव्हा मी सोडून दिला होता. पण रविवारी ऐरोलीहून मामेभाऊ महालक्ष्मीच्या रेसकोर्सला निघाला, वाटेत घरी डोकावला आणि त्याने माझ्यासमोर वही उघडली. 4 नंबरच्या घोड्यावर दोन पानं भरलेली, उरलेल्या नऊ घोड्यांची नुसती नावं. म्हणाला, "दादा, दहाच्या दहा जुळले." त्या वहीत घरखर्चाचे पैसे जाणार होते, म्हणून हे लिहितोय.

आधी अभ्यासाचं. पॉल स्लोविक या मानसशास्त्रज्ञाने 1973 साली नेमकं हेच तपासलं. त्याने रेसचा अंदाज बांधणारे आठ मुरलेले लोक घेतले. प्रत्येकाने आपल्याला हव्या त्या पाच बाबी निवडायच्या आणि विजेता सांगायचा, मग दहा, वीस आणि शेवटी चाळीस बाबी घेऊन पुन्हा सांगायचा. पाच बाबींवर त्यांचे सुमारे 17 टक्के अंदाज बरोबर आले. चाळीसवरही तेवढेच. वाढला तो फक्त आत्मविश्वास, आणि तो जवळपास दुप्पट झाला. पाच बाबींपाशी त्यांची खात्री आणि त्यांचं यश साधारण जुळत होतं, पुढची माहिती बहुधा मनातल्या घोड्याला टेकू म्हणूनच वापरली गेली. यालाच कन्फर्मेशन बायस म्हणतात.

अभ्यासाने काहीच होत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. दहा घोड्यांत डोळे मिटून बोट ठेवलं तर 10 टक्के, त्यांचे 17 आले. मेसेजमध्ये खरं आहे ते एवढंच.

सगळ्यात घातक आहे तो दहा पुराव्यांचा मुद्दा. भावाच्या वहीत होतं: मागची रेस जिंकला, पेपरच्या टिपमध्ये पहिला, भाव खाली आला, मित्र म्हणतो हाच येणार. मी विचारलं, पेपरवाल्याने टिप कशावरून दिली? मागच्या विजयावरून. भाव का उतरला? टिप वाचून लोकांनी पैसे लावले म्हणून. मित्राने काय वाचलं? तोच पेपर. म्हणजे चार पुरावे नव्हतेच, एकच विजय चार तोंडांनी बोलत होता. आणि तो विजयही त्याच्या विरोधात जाऊ शकतो. हँडिकॅप रेसमध्ये, म्हणजे जिथे सरस घोड्यावर जास्त वजन ठेवतात तिथे, जिंकलेल्या घोड्याचं रेटिंग सहसा वाढतं आणि पुढच्या वेळी त्याच्या पाठीवर जास्त वजन येतं. रेसच्या पुस्तकात हा वजनाचा आकडा नावाशेजारीच छापलेला असतो. भावाने तो पाहिला होता, पण वहीत उतरवला नव्हता.

मग सकाळच्या सरावाची वेळ. "मस्त पळाला," असं लिहिलेलं. आम्ही इतरांच्या वेळा काढल्या, तर दहापैकी सहा घोडे तसेच मस्त पळाले होते. जो मुद्दा हरणाऱ्यांनाही लागू पडतो, तो जिंकणारा कसा ओळखून देणार?

जॉकीवर खापर फोडायचा सल्ला तर संतापजनक आहे. हरलेली प्रत्येक पैज अशी वहीबाहेर गेली, तर आपला अंदाज चुकतो कुठे हे कधीच कळणार नाही.

मी त्याला वही उलटी लिहायला लावली. पुस्तक उघडण्याआधी 4 नंबर जिंकण्याची शक्यता आकड्यात लिही, आणि कोणत्या दोन गोष्टी दिसल्या तर पैज रद्द करायची तेही आत्ताच लिही, नंतर मन पळवाटा काढतं. मग रेस संपली आणि हा हरला असं धरून त्याची कारणं शोध: वजन किती वाढलं, या अंतरावर आधी कधी जिंकलाय का, मागे ज्यांना हरवलं ते घोडे पुढे कुठे आले. त्यानंतर 7 नंबर हाच आपला घोडा आहे असं समजून तेवढाच वेळ त्याच्या बाजूने लिही. प्रत्येक मुद्द्यापुढे तो कुठून आला ते लिही. मूळ एक असेल तर मुद्दा एकच मोज. शेवटी आकडा पुन्हा लिही आणि मगच भाव बघ.

त्याने आधी 40 टक्के लिहिले होते. वजन 3 किलोने वाढलेलं निघालं. आधीचे विजय 1200 मीटरचे, आजची रेस 1600 ची. त्याने स्वतःच आकडा 20 वर आणला. भाव होता शंभराला तीनशे नफा, म्हणजे चारात एकदा तरी जिंकला पाहिजे, 25 टक्के, तेव्हा कुठे बरोबरी. जिंकलेल्या रकमेवरचा कर त्यात धरलेलाच नाही.

त्याने 4 नंबरवर काट मारली, तारीख टाकली आणि खाली लिहिलं, "पैज नाही. 20 विरुद्ध 25." तो घोडा त्या दिवशी तिसरा आला. पहिला आला असता, तरी ती ओळ मी त्याला खोडू दिली नसती.