खोडण्याचे पैसे

"म्हणजे मॅडम, तुम्ही नवीन काहीच लिहिलं नाहीत. फक्त खोडलंत. खोडण्याचे पैसे घेता?"

काल दुपारी ऐकलेलं हे वाक्य रात्री भांडी घासतानाही कानात होतं. कढईचा तळ इतका चकचकीत झाला की त्यात माझा चेहरा दिसला, आणि तो बरा नव्हता.

झालं असं की एक ताई घरगुती थालीपीठ भाजणी करतात. आजवर साध्या पिशवीत विकायच्या, आता छापील पाकीट हवंय. आमच्याकडचा डिझायनर ते करणार. काय हवं, काय नको हे सांगणारा जो कागद, म्हणजे ब्रीफ, त्याच्या हातात द्यायचा, तो आधी माझ्याकडे आला. तीन पानं, सुवाच्य अक्षरात, प्रत्येक मुद्द्याला अ, ब, क. लेखक : ताईंचे थोरले दीर. निवृत्त, आणि आता या उद्योगाचे मार्गदर्शक. सगळे त्यांना काका म्हणतात, म्हणून मीही म्हणते. वरचं वाक्य त्यांचंच.

काकांच्या ब्रीफमध्ये 'ग्राहक' या मथळ्याखाली लिहिलं होतं : 'सर्व वयोगटातील स्त्री-पुरुष, लहान मुले व ज्येष्ठ नागरिक.'

"काका, यातून कोणी सुटलं का?" मी विचारलं.

"कशाला सोडायचं? ज्याला तोंड आहे, तो आपला ग्राहक."

"पण पाकीट नेमकं कोण उचलणार?"

"ज्याला हात आहे, तो."

ताई हळूच म्हणाल्या, "खरं तर जास्त मुलीच मागतात. नोकरीसाठी पुण्या-मुंबईत राहणाऱ्या. 'काकू, पाणी किती घालायचं' असा फोन करतात." हे वाक्य तीन पानांत कुठेही नव्हतं. काकांना ते किरकोळ वाटलं होतं. मी 'सर्व वयोगटातील' खोडलं आणि लिहिलं : 'पंचविशी-तिशीतली, भाड्याच्या घरातली मुलगी. आईच्या थालीपिठाची चव माहीत, प्रमाण माहीत नाही. दुकानात पाकीट उलटून मागची बाजू वाचते.' एवढ्याने डिझायनरचा निम्मा प्रश्न सुटतो. मागे कृती हवी, पाण्याचं प्रमाण वाटीच्या मापात हवं आणि अक्षर ठळक हवं. 'सर्व वयोगटां'साठी त्याने काय मोठं करायचं होतं?

पुढचा मथळा 'मुख्य संदेश'. त्यात सात विशेषणं होती : पारंपरिक, आधुनिक, आरोग्यदायी, चविष्ट, किफायतशीर, घरगुती आणि आंतरराष्ट्रीय दर्जाची. अशा वेळी मी एक साधी चाचणी लावते. याच्या उलट कोणी छापेल का? 'आमची भाजणी बेचव आहे' असं पाकिटावर कोणी लिहिणार नाही, म्हणून 'चविष्ट' काही सांगत नाही. 'पारंपरिक' आणि 'आधुनिक' यांनी एकमेकांनाच खोडलं, आणखी तीन शब्द 'चविष्ट'सारखेच गळाले. 'घरगुती' तरंगत राहिला, पण तो आज कारखान्यात बनलेल्या लोणच्यावरही असतो.

"तुम्ही भाजता कशा?" मी ताईंना विचारलं.

"वेगवेगळं. तांदूळ वेगळे, गहू वेगळे, ज्वारी-बाजरी वेगळी, हरभरा डाळ वेगळी, उडीद डाळ वेगळी. धने-जिरे शेवटी. एकत्र भाजलं की बारीक दाणे करपतात आणि डाळ आत कच्ची राहते."

मिळाला संदेश. 'प्रत्येक धान्य वेगळं भाजलेलं.' हे खरं आहे, दुसरा सहज म्हणू शकणार नाही असं आहे, आणि चित्रात दाखवता येतं. काका म्हणाले, "हे तर सगळ्यांना माहीत असतं." माहीत असतं तर त्या मुली फोन कशाला करतात, हे मी विचारलं नाही. मला बिल पाठवायचं होतं.

मग आला 'आवश्यक घटक' हा भाग. त्यात पहिली ओळ 'सर्व कायदेशीर बाबी टाकणे' आणि दुसरी 'आजोबांचा फोटो, मोठा.' पहिलीला डिझायनर घाबरतो, कारण तो वकील नाही. म्हणून प्रत्येक बाब मजकुरासह लिहून द्यावी लागते : परवान्याचा 14 अंकी एफएसएसएआय क्रमांक, निव्वळ वजन 500 ग्रॅम, वजनाच्या उतरत्या क्रमाने घटक, गहू आहे म्हणून अ‍ॅलर्जीची सूचना, पोषणमूल्यांचा तक्ता, उत्पादकाचा पत्ता, ग्राहक तक्रारीचा फोन. हिरव्या चौकटीतला भरीव हिरवा ठिपका पुढच्या बाजूला, नावाजवळ. किंमत, एका ग्रॅमचा दर, बॅच आणि तारखा डिझायनरने छापायच्याच नाहीत. त्या पॅकिंगच्या वेळी शिक्क्याने उठतात, म्हणून तिथे फिकट, चकाकी नसलेला, रिकामा चौकोन सोडायचा. हे लिहिलं नाही तर डिझायनर तिथे नक्षी काढतो, शिक्का नक्षीवर बसतो आणि तारीख कोणालाच वाचता येत नाही.

इथे माझी खरी चिडचिड. अख्खं पाकीट मराठी माणसाने मराठी माणसासाठी केलंय, पण नियमानुसार ही सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत हवी. मराठी वरून जोडायला परवानगी आहे. म्हणजे 'थालीपीठ' हे पाहुणं आणि 'ingredients' घरचं. जागा तेवढीच, मजकूर दुप्पट, आणि अक्षरं बारीक झाली की शिव्या डिझायनरला. असो.

काकांना बारकोड लाल हवा होता, ब्रँडच्या रंगात. स्कॅनरचा प्रकाश बहुधा लाल असतो, त्याला लाल रेघा पांढऱ्यासारख्याच दिसतात, तेव्हा रेघा काळ्या, पार्श्वभूमी पांढरी, दोन्ही बाजूंना मोकळी जागा, असं मी लिहिलं. त्यावर ते, "मशीन बदला म्हणावं दुकानदाराला."

आता आजोबा. फोटो पासपोर्ट आकाराचा, नाकावर स्टुडिओचा शिक्का.

"आजोबांचा भाजणीशी काय संबंध?" मी विचारलं.

"घराण्याचे मूळपुरुष."

"त्यांना थालीपीठ आवडायचं?"

काका विचारात पडले. मग प्रामाणिकपणे म्हणाले, "छे. ते फक्त भात खायचे. पण कुणाला सांगणार आहोत का आपण?"

ताई पदर तोंडाला लावून आत गेल्या. मी यादीचे दोन भाग केले : 'कायद्याने हवं' आणि 'घरच्यांना हवं'. दुसऱ्यात आजोबा : जागा उरली तरच, मागच्या बाजूला, दोन सेंटिमीटर रुंद. काकांनी 'दोन'चे 'चार' केले. मी परत दोन केले. त्यांनी 'अडीच' लिहून पेनाचं टोपण लावलं.

उरला सूर. मूळ मजकूर : 'रॉयल पण घरगुती, साधे पण उठावदार.' असं वाचून डिझायनर एक सोनेरी, एक साधं, एक मधलं, अशी पाकिटं करत बसतो, आणि प्रत्येकाला 'हे नाही, पण जवळ आलंय' ऐकतो. त्या जवळ येण्याचे पैसे कोणी देत नाही. मी खोडलं आणि नमुन्याचं वाक्यच दिलं : 'पीठ घट्ट वाटलं तर चमचाभर पाणी घाल, घाबरू नकोस.' सगळा मजकूर या आवाजात. चूल, नथ, नऊवारी, सोनेरी किनार, काहीही नको.

शेवटी 'मंजुरी कोणाची' ही ओळ. तिथे एकच नाव हवं, नाहीतर प्रत्येक भाचा रंग सुचवतो. मी ताईंचं लिहिलं होतं. काकांनी कागद ओढला, चष्मा लावला, पानभर वाचलं आणि ताईंच्या नावावर स्वतःची झोकदार सही केली. खाली एक ओळ जोडली :

'वरील सर्व मान्य. फक्त जरा उठाव आणावा.'