दादाचं माफीपत्र

आज सकाळी दादाने व्हॉट्सअ‍ॅपवर एक फाइल पाठवली. "वहिनीला द्यायचंय, जरा वाचून सांग." दोन पानी माफीपत्र! आधी माझे डोळे भरून आले आणि दुसऱ्या पानापर्यंत डोकं फिरलं. दोघांना विचारूनच इथे लिहितेय.

प्रसंग गणपतीतला. भरल्या पंगतीत आत्याने वहिनीला ऐकवलं, "नोकरीवाल्या बायकांच्या मोदकांना कळ्या कुठल्या यायला!" वहिनी पहाटेपासून उकड मळत होती. तेव्हा ती गप्प राहिली. परतताना गाडीत म्हणाली, "तू एक शब्द बोलला नाहीस. फार एकटं वाटलं मला." त्यावर दादा, "एवढं काय झालं? आत्याचं वय बघ. तू ना, सगळंच मनाला लावून घेतेस." तिला रडू फुटलं, तर म्हणे, "झालं सुरू." मी मागच्या सीटवर होते. वहिनीने ओढणीने डोळे पुसले आणि मला विचारलं, "तुला चौकात सोडू की गेटपाशी?" पुन्हा तिने तो विषय काढला नाही. दादाला वाटलं, मिटलं.

कसलं मिटलं! मुद्दा आत्याचा राहिलाच नव्हता. बायकोला वाईट वाटणं रास्त आहे की नाही, याचा निकाल दादा परस्पर देऊन मोकळा झाला होता.

आणि पत्राचं पहिलंच वाक्य: "माझ्या बोलण्याने तू दुखावली असशील तर सॉरी." असशील तर? अरे, ती तुझ्या शेजारी बसून रडत होती! पुढे, माझा हेतू तसा नव्हता, दिवसभर गाडी चालवून दमलो होतो, आत्याने आम्हाला लहानपणी सांभाळलंय. म्हणजे समजून घ्यायचं परत वहिनीनेच. मग अर्धं पान, मी किती नालायक नवरा आहे. हे वाचून ती बिचारी त्याचीच समजूत काढत बसणार. शेवटी, "मला माफ करशील ना? आजच सांग." का आजच?

मी फोन केला तर चिडला. "मी मनापासून लिहिलंय." ते मला माहीत आहे रे. आमच्या घरात बाबांनी आईची माफी कधी मागितलीच नाही, भांडण झालं की संध्याकाळी गजरा यायचा आणि आई तो माळायची. दादा हे शिकणार कुठून? त्याने निदान लिहायला तरी घेतलं, याचं मला खरंच कौतुक आहे.

पण मनापासून असणं पुरत नाही. मी म्हटलं, तू काय बोललास ते तुझ्याच शब्दांत लिही. "तू म्हणालीस की एकटं वाटलं, मी म्हणालो एवढं काय झालं. तू रडलीस, मी म्हणालो झालं सुरू. तेव्हापासून तू मला सांगणंच सोडलंस." इथे थांब. 'पण' लिहू नकोस. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी माफीचे सहा भाग वेगळे करून तपासले होते. लोकांना सगळ्यात मोलाचं वाटलं ते 'चूक माझी' हे सरळ कबूल करणं, त्याखालोखाल भरपाईची तयारी. 'मला माफ कर' ही विनंती सगळ्यात शेवटी. दादाने नेमकी तिच्यावरच भिस्त ठेवली होती.

"मग काय, तिचं सगळं बरोबर म्हणू?" नाही. आत्याच्या मनात वाईट नव्हतं असं तुला वाटतं, तर वाटू दे. तरी "तुला लागलं, मला दिसतंय" एवढं म्हणता येतं. आणि बायकाही नवऱ्याचं बोलणं उडवून लावतात. मान्य. आज विषय तो नाही.

भरपाई कशी, तेही लिहायला सांगितलं. पुढच्या भांडणात डोकं तापलं तर "अर्धा तास दे, साडेनऊला बोलू" म्हणायचं आणि साडेनऊला आपण होऊन जाऊन बसायचं. वहिनीने आठवण करायची पाळी आली तर पत्र फुकट.

एक मात्र सांगते. ज्या घरात बायको नवऱ्याला घाबरते, हात उगारला जातो, तिथे असल्या पत्राचा काडीचा उपयोग नाही. मारझोडीनंतरची माफी कितीदा पुढच्या मारापर्यंतच टिकते. तिथे आधी तिला सुरक्षित जागी न्या.

दुपारी दादाचं दुसरं पत्र आलं. एकच पान, 'तर' नाही, 'पण' नाही. तीन ओळी गाडीतल्या, त्याच्याच शब्दांत. खाली लिहिलंय, "उत्तराची घाई नाही."

दादा, वाचतोयस ना? आत्याला फोन करायचा राहिलाय. दिवाळीला सगळे जमतील, त्याच्या आधी कर. आणि वहिनीला करायला लावू नकोस.