सडेला सरबत

ऑफिसात ‘तुझं मराठी चांगलं आहे’ असं कुणी म्हणालं की मी सावध होतो. कौतुकामागून काम येतं. या वेळी आलं ते वेलचीच्या सरबताचं नाव: Sadela. ‘सदा’ अधिक ‘एला’, म्हणजे सदैव वेलची. साहेबांना संस्कृत आवडतं, विशेषतः ते इटालियन वाटलं की. ‘मराठी, हिंदी, इंग्रजीत काही भलतं निघत नाही ना, एवढं बघून घे,’ म्हणाले.

बघायचं म्हणजे रोमन अक्षरांवर विश्वास ठेवायचा नाही. मधल्या a चा अ होतो किंवा आ होतो, शेवटचा तर उच्चारात गायबही होतो. d चा द होतो, ड होतो. ल-ळचा घोळ बाजूला ठेवला तरी या एका नावाची देवनागरीत आठ रूपं झाली. ती मोठ्याने वाचली. ‘सदेला’ ठीक, ‘साडेला’ निरर्थक म्हणून निरुपद्रवी. मग आलं ‘सडेल’. मराठीत ही सरबताची भविष्यवाणी. पुढचं ‘सडेला’, म्हणजे मुंबईच्या हिंदीत ती खरी ठरली. इंग्रजी वाचणारा पहिल्या तीन अक्षरांतच खिन्न.

‘पण आपण सदेला म्हणायचं!’ साहेब म्हणाले.

‘आपण म्हणू. प्रत्येक बाटलीसोबत दुकानात उभं कोण राहणार?’

दुसरं नाव आलं Oka. छोटं, गोल, आठ रूपांची भानगड नाही. इथे मराठीचा खास सापळा आहे: आपली आदरार्थी आज्ञा ‘आ’वर संपते. बसा, प्या, रडा, मरा. आणि ब्रँडवाल्यांना नाव नेमकं ‘आ’वर संपलेलं हवं असतं. त्यामुळे दोन अक्षरी, आकारान्त नाव दिसलं की आधी ते क्रियापद समजून बघावं. ‘नाव कसं वाटतं?’ असं लोकांना विचारण्यात अर्थ नाही. भिडेखातर सगळे ‘छान’ म्हणतात. नाव वाक्यात घालून वाचायला द्यावं. मी अकाउंट्समधल्या काकूंना जाहिरातीची ओळ दिली. त्यांनी चष्मा लावून शांतपणे वाचली: ‘रोज सकाळी, उपाशीपोटी ओका.’

‘कुठल्या वैद्यांनी सांगितलंय?’ काकूंनी विचारलं.

आता तिसरं नाव सगळ्या चाचण्यांतून सुटलंय. पण साहेबांनी कुठेतरी वाचलं की टाटांनी एका गाडीचं नाव ‘झिका’ ठेवलं होतं, झिपी कारवरून, तिन्ही भाषांत निर्मळ. मग 2016 साली झिका विषाणूच्या बातम्या जगभर झाल्या आणि बाजारात यायच्या आधीच गाडीची ‘टियागो’ झाली.

‘म्हणजे पुढे येणारे रोगही तपासायला हवेत,’ साहेब म्हणाले.

अहवालात मी तसा रकाना केलाय. भरायची जबाबदारी कुणाची, यावर सोमवारी मीटिंग आहे.