द्वितीय श्रेणीत उत्तीर्ण गाडी

जुन्या गाड्या तपासून देणे हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे आणि त्यात गाडीखाली सरपटत जाणे हा सर्वांत सोपा भाग आहे. अवघड भाग सुरू होतो तो अहवाल ग्राहकाच्या हाती पडल्यावर. गेल्या मे महिन्यात नागपूरच्या अजनीत राहणाऱ्या एका निवृत्त गणित शिक्षकांसाठी मी 2017 सालची एक छोटी पेट्रोल गाडी तपासली. मालक 3 लाख 40 हजार मागत होता. सरांनी चष्मा लावला, अहवालातले पाचही विभाग वाचले, लाल पेन काढले आणि इंजिन 8, सस्पेन्शन 7, बॉडी 5, एसी 4, टायर 3 अशी बेरीज करून खाली लिहिले: पन्नासपैकी 27, म्हणजे 54 टक्के.

“द्वितीय श्रेणी आहे बाप्पा,” सर म्हणाले. “पण टायरमध्ये नापास होऊन राहिली. ग्रेस मार्क देता येते का?”

गाडीच्या गुणांची सरासरी काढायची नसते, कारण दहापैकी 5 मिळालेल्या विभागावर एक रुपयाही खर्च नसू शकतो आणि 7 मिळालेला विभाग पुढच्याच महिन्यात खिसा कापू शकतो, हे मी त्यांना सांगितले. बॉडीचेच पाहा. डाव्या मागच्या दारावर रंगाची जाडी मोजणारे यंत्र 310 मायक्रॉन दाखवत होते आणि बाकी सगळीकडे 100 ते 120, म्हणजे ते दार कधीतरी ठोकून, पुट्टी भरून पुन्हा रंगवलेले होते. सरांना वाटले, सापडला चोर, आता यावर 30 हजार तोडू. पण दार हे बोल्टवर लटकणारे पान आहे. खरी भीती दाराच्या चौकटीची, म्हणजे पिलरची, आणि बॉनेटखाली पुढच्या चाकांवर असलेल्या पत्र्याची, म्हणजे एप्रनची असते. तिथले कारखान्यातले वेल्डिंगचे ठिपके सारख्या अंतरावर, जसेच्या तसे होते, त्यामुळे गाडीला मोठा अपघात झाल्याची खूण नव्हती. गुण कमी मिळाले ते सौंदर्याचे, आणि सौंदर्यावर मालक फार तर हजार-दोन हजार सोडतो.

टायरची गोष्ट उलटी. त्यांची नक्षी अजून चांगली खोल होती आणि सरांनी त्यावर बोट फिरवून “हे तर नवे दिसतात” असा निकालही दिला होता. मी त्यांना उकिडवे बसवून टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचायला लावले: 1417. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे 2017 सालच्या चौदाव्या आठवड्यातले हे टायर गाडीबरोबरच जन्मले होते. गाडी कमी धावली म्हणून नक्षी टिकली, पण आठ उन्हाळ्यांनी रबर वाळवले होते आणि कडेवर केसाएवढ्या भेगा पडल्या होत्या. असा टायर मेच्या दुपारी वर्धा रोडवर, वेगात असतानाच दगा देतो. चार टायर, दुकानदाराच्या लेखी भावाप्रमाणे 16 हजार.

एसीबाबत मालकाने आधीच सांगून ठेवले होते की “फक्त गॅस भरायचा आहे.” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की ते गाडीबरोबर फुकट मिळत असावे. गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. कमी झाला असेल तर कुठूनतरी गळतो, आणि गळती न शोधता भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी. इथे तर गॅस पुरेसा होता. सकाळी सातला मालकाने गाडी दाखवली तेव्हा हवा गार होती, म्हणून मी मुद्दाम दुपारी तीनला पुन्हा गेलो. धावताना हवा गार, उभ्या गाडीत कोमट. बॉनेट उघडले तर एसी लावूनही कंडेन्सरचा पंखा जागचा हलत नव्हता. धावताना समोरून वारा लागत होता म्हणून काम भागत होते, एवढेच. पंखा मजुरीसह साडेचार हजार.

सस्पेन्शनमधल्या लिंक रॉडच्या खडखडाटावर आणि झिजत आलेल्या ब्रेक पॅडवर मी सरांना बोलूच दिले नाही. किरकोळ मुद्द्यांची माळ लावली की मालक त्यातले दोन सोडून देतो आणि मोठे दोन त्यातच बुडतात. टायर आणि पंखा, दोन कागद, एकूण 20 हजार 500, आणि तोंड बंद.

सरांनी तोंड जवळजवळ बंद ठेवले. “गाडी मात्र आवडली बरं का,” एवढेच ते मालकाला दारातच म्हणून बसले, तरीही 18 हजार सुटले.

संध्याकाळी माझे दीड हजार मोजताना सरांनी अहवालाचे चौथे पान पुढे सरकवले. किलोमीटरच्या काट्याचा फोटो पुसट आला होता. “बाकी विभाग चांगले आहेत,” ते म्हणाले, आणि खिशातून झेरॉक्सवाल्याचा लेखी भाव काढला: रंगीत प्रिंट, एक पान, 20 रुपये. मला 1,480 मिळाले.