फेब्रुवारीचे शंभर रुपये

जमेची बाजू एकदा पाहून वजावटीच्या बाजूकडे डोळेझाक करावी, हा माझा पगारपत्रकाशी असलेला वीस वर्षांचा करार होता. तो यंदाच्या फेब्रुवारीत मोडला, कारण दरमहा दोनशे रुपये असणारा व्यवसाय कर त्या महिन्यात तीनशे झाला होता.

शंभर रुपये अन्यायाने गेले की कोथरूडचा माणूस शांत बसत नाही. लेखा विभागाला खरमरीत पत्र लिहिण्यापूर्वी मी ते पत्रक आमच्या सोसायटीतल्या, हिशेबनीस म्हणून निवृत्त झालेल्या काकांना दाखवले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारले, "अकरा गुणिले दोनशे किती?" बावीसशे, मी म्हणालो. राज्यघटनेच्या कलम 276 नुसार राज्याला हा कर एका माणसाकडून वर्षाला जास्तीत जास्त 2,500 रुपये घेता येतो आणि आपले राज्य ती मर्यादा फेब्रुवारीत तीनशे घेऊन काठोकाठ गाठते, हे त्यांनी इतक्या थंडपणे सांगितले की माझे पत्र मनातल्या मनातच विरघळले.

तेवढ्यावर थांबलो असतो तर अब्रू राहिली असती. पण आता मला वाचायची चटक लागली होती. माझे मूळ वेतन 32,000 रुपये. त्याच्या बारा टक्के, म्हणजे 3,840 रुपये, भविष्य निर्वाह निधीसाठी कापलेले होते. कंपनीही तेवढेच भरते, असे ऐकून होतो. पासबुक उघडले, तर माझ्या नावापुढे 3,840 आणि कंपनीच्या नावापुढे अवघे 2,590! दरमहा साडेबाराशे रुपयांचा हा घोटाळा मी विजयी मुद्रेने काकांपुढे ठेवला.

"आणि हा तिसरा रकाना कशाचा?" त्यांनी पडद्यावर बोट टेकवले. तिथे निवृत्तिवेतन या नावाखाली 1,250 रुपये मुकाट बसले होते. कंपनीच्या वाट्यातले 8.33 टक्के निवृत्तिवेतन योजनेत जातात. मात्र माझ्यासारख्यांच्या बाबतीत ते साऱ्या मूळ वेतनावर नव्हे, तर 15,000 रुपयांवरच मोजतात, म्हणून आकडा 1,250 च्या पुढे सरकत नाही. उरलेले 2,590 माझ्या निधीत पडतात. ते निवृत्तिवेतन मिळण्यासाठी किमान दहा वर्षांची सदस्यता लागते आणि पूर्ण रक्कम वयाच्या 58 व्या वर्षापासून सुरू होते, हे ऐकून मी मनातल्या मनात वय मोजू लागलो, तेव्हा काकांनी चहा मागवला.

मार्चचे पत्रक आले. पत्नीने ते हातात घेतले आणि म्हणाली, "अहो, हा कर दोनशेच कसा? मागच्या महिन्यात तीनशे होता ना?"

मी चष्मा कपाळावर सरकवला.