राजीनामा लिहावा नेटका, ग्राहक न्यावेत गुपचूप

विमा एजंटाने राजीनामा द्यायचा तर मार्चमध्येच द्यावा. एक तारीख उत्तम. शाखेतला प्रत्येक जण टार्गेटमध्ये गळ्यापर्यंत बुडालेला असतो, त्यामुळे तुमचा कागद कुणी वाचत नाही. मी अठरा वर्षं सोलापुरात जनरल इन्शुरन्सची एजन्सी केली, मग ब्रोकर फर्मकडे गेलो. नवी पेठेतल्या चहाच्या टपरीवर हल्ली मला वाटेत अडवून विचारतात, "साहेब, राजीनाम्याचं पत्र कसं लिहायचं?" म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

पत्राची सुरुवात कृतज्ञतेने करा. "आपल्या संस्थेने मला घडवले" हे वाक्य हवंच. त्यानंतर मजकुरात जमेल तिथे "माझे ग्राहक" हा शब्द घाला. "माझ्या 212 ग्राहकांचा पोर्टफोलिओ मी सुव्यवस्थित हस्तांतरित करीन." वाचायला कसं भारदस्त वाटतं! कंपनीच्या पत्रात तेच 212 "आमचे पॉलिसीधारक" असतात आणि ब्रोकरच्या ऑफर लेटरमध्ये "अपेक्षित व्यवसाय". खुद्द त्या 212 जणांना यातलं काहीच ठाऊक नसतं. त्यांना वाटतं आपल्याकडे गाडी आहे, घर आहे, शुगर आहे. आपण कुणाच्या तरी पोर्टफोलिओत आहोत हे त्यांना कोण सांगणार?

पत्रासोबत नेमणुकीचं पत्र आणि ओळखपत्र परत करायचं असतं. ते दिलं की कंपनीने 15 दिवसांत एजन्सी संपल्याचा दाखला द्यायचा, असा नियम आहे. एका अंगावर एजंटाचा सदरा आणि ब्रोकरचा कोट एकदम चालत नाही, म्हणून हा दाखला लागतो. काही अनुभवी मंडळी एजन्सी आधीपासूनच वहिनींच्या नावावर ठेवतात. त्यांना राजीनामा द्यावा लागत नाही, फक्त वहिनींची सही नीट यावी लागते. तो वेगळा विषय आहे, आणि घरचा आहे.

आता ग्राहकांना काय सांगायचं? फरक सोपा आहे. एजंट कायद्याने विमा कंपनीचा माणूस असतो, ब्रोकर ग्राहकाचा. हे वाक्य मी मोठ्या अभिमानाने अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या मालकांना ऐकवलं. "शेठ, आजवर मी कंपनीच्या बाजूने होतो. एक तारखेपासून तुमच्या बाजूने."

शेठनी हिशोबाची वही मिटली. "म्हणजे अठरा वर्षं तू माझ्या ऑफिसात बसून चहा पीत होतास, तेव्हा कुणाच्या बाजूने होतास बे?"

तुम्ही हे वाक्य वापरू नका. त्यापेक्षा थेट मँडेट लेटरवर सही घ्या. ब्रोकरला ग्राहकाच्या वतीने काम करायचं तर ग्राहकाचं लेखी अधिकारपत्र लागतं, कारखान्याचं असेल तर लेटरहेडवर. ते राजीनाम्याच्या आधी घेतलं तर तुम्ही एका कंपनीचे एजंट असताना दुसऱ्यासाठी धंदा गोळा केला असा अर्थ होतो. म्हणून तारखेची जागा मोकळी सोडा. शेठना सांगा, "फॉर्मॅलिटी आहे." फर्ममध्ये तुम्ही पंधरा तासांचं ट्रेनिंग करून पीओएसपी, म्हणजे पॉइंट ऑफ सेल्स पर्सन, म्हणून लागणार असाल तर तेही सांगू नका. पीओएसपीला ठरावीक साच्यातल्या तयार पॉलिसीच विकता येतात, आणि टॉवेल कारखान्याची आगीची पॉलिसी त्या साच्यात बसत नाही. ती फर्ममधल्या पन्नास तासांचं ट्रेनिंग आणि परीक्षा झालेल्या माणसाने बघायची असते. पण शेठनी सही तुमच्याकडे बघून केलेली आहे ना? मग झालं.

पत्राचा खरा आत्मा म्हणजे हस्तांतराची यादी. तिथे घाई करू नका, एक्सेल उघडून निवांत बसा.

यादी नावाच्या अक्षराप्रमाणे लावा. ही युक्ती साधी दिसते, पण सगळं काम हीच करते. यादी मुदत संपण्याच्या तारखेप्रमाणे लावली तर नव्या माणसाला पहिल्याच ओळीत कळतं की उद्या कुणाची गाडी उघडी पडणार आहे. अक्षराप्रमाणे लावली की अंबादासची पुढच्या डिसेंबरातली स्कूटर सर्वांत वर येते आणि येत्या आठवड्यातला सिद्राम थेट 190 व्या ओळीवर जातो. शाखेतला पोरगा मार्चमध्ये 190 व्या ओळीपर्यंत पोचला तर मी त्याला भागवत टॉकीजसमोर उसाचा रस पाजीन.

दावे चालू असतील तर त्या रकान्यात दोनच शब्द लिहा: "सुरू आहे." शेठच्या गोदामाला संक्रांतीच्या सुमारास शॉर्टसर्किटने आग लागली होती. दाव्याचा नंबर, सर्व्हेअरचं नाव, तो पाहणीला कधी आला, अग्निशमन दलाचा अहवाल दिला की नाही, सुताच्या खरेदीची बिलं आणि स्टॉक रजिस्टरच्या प्रती कुठवर पोचल्या, हे सगळं लिहायला अर्धं पान लागलं असतं. दाव्याच्या पाठपुराव्याला कमिशन नसतं, मग अर्धं पान कशाला? आगीच्या दिवशी जी पॉलिसी चालू होती तिच्यावरच तो दावा चालणार, ब्रोकर बदलला म्हणून तो बदलत नाही. म्हणजे नवी पॉलिसी तुमच्याबरोबर आली आणि जळालेला माल कंपनीकडे राहिला. वाटणी म्हणून वाईट नाही.

ग्राहकाचा चेक तुमच्या बॅगेत राहिला असेल तर मात्र तेवढा भरून टाका. विमा कायद्याच्या 64 व्हीबी कलमाप्रमाणे एजंटाने घेतलेला हप्ता, सुट्ट्या सोडून, चोवीस तासांत कंपनीकडे गेला पाहिजे, आणि हप्ता पोचल्याशिवाय कंपनीवर जोखीम नाही. इथे मी विनोद करत नाही. बॅगेतला चेक हा एकच कागद असा आहे की ज्याच्यामुळे तुम्हाला रात्री झोप येणार नाही.

राहिला फोन नंबरचा रकाना. तो तर तुम्ही काही वर्षांपूर्वीच भरून ठेवलाय. पॉलिसी काढताना ग्राहक म्हणतो, "मला ते मेसेज-बिसेज कळत नाहीत, तुमचाच नंबर टाका." आणि आपण टाकतो. ईमेलही आपलाच. सेवा म्हणून करतो हो! नूतनीकरणाची आठवण आपल्या फोनवर, ओटीपी आपल्या फोनवर, पॉलिसीची पीडीएफ आपल्या मेलवर. ग्राहकाला कसलाच त्रास नाही. कुणी दुसरा एजंट कंपनीच्या डेटातून नंबर काढून त्याला फोन करायला गेला, तर फोन आपणच उचलतो. माझ्या 212 पैकी 96 जणांचा नंबर माझाच होता. यादी देताना तो रकाना जसाच्या तसा द्या, खाडाखोड करू नका. पारदर्शकता असावी.

याचा उपयोग कसा होतो, ते जुळे सोलापुरातल्या अण्णांवरून सांगतो. अण्णा निवृत्त, शुगरचे रुग्ण, त्यांची आरोग्य पॉलिसी सलग सहा वर्षांची. म्हणजे जुन्या आजाराचा खर्च मिळायला लागण्याआधीचा प्रतीक्षा काळ केव्हाच संपलेला. मुदत 18 मार्चच्या मध्यरात्रीपर्यंत. आठवणीचा मेसेज आला माझ्या फोनवर. मी एक तारखेला राजीनामा दिला होता, ज्याच्यावर कमिशन जमा होतं तो नवा कोड हातात आला नव्हता. विचार केला, आता नूतनीकरण जुन्या कोडवर कशाला जाऊ द्या? थोडं थांबू, ब्रोकरकडून दुसऱ्या कंपनीत पोर्ट करू.

पोर्ट करायचं तर अर्ज मुदतीच्या किमान 45 दिवस आधी द्यायचा, 60 दिवसांच्या फार आधीही नाही, असं पॉलिसीच्या कागदातच असतं. म्हणजे अण्णांसाठी 17 जानेवारी ते 1 फेब्रुवारी. तेव्हा मी गड्ड्याच्या जत्रेत पोरांना पाळण्यात बसवत होतो. तरी घाबरायचं कारण नव्हतं, वार्षिक हप्त्याला 30 दिवसांची सवलत असते. 17 एप्रिलपर्यंत भरलं की सहा वर्षांचं सातत्य शाबूत. मी निवांत झालो.

2 एप्रिलला अण्णांच्या छातीत दुखायला लागलं. हॉस्पिटलने कॅशलेससाठी पाठवलं, उत्तर आलं की पॉलिसी चालू नाही. घाईघाईने 5 तारखेला हप्ता भरला. सातत्य खरंच शाबूत राहिलं, कंपनीने ते मान्यही केलं. फक्त सवलतीचे दिवस हप्ता भरायला असतात, आजारी पडायला नसतात. 18 च्या मध्यरात्रीपासून हप्ता पोचेपर्यंतचे दिवस उघडेच. बिल दोन लाख चाळीस हजार, अण्णांच्या मुदत ठेवीतून. अण्णांचा मुलगा विचारत होता, "आम्हाला एक मेसेज तरी यायला पाहिजे होता ना काका?" मी म्हटलं, हल्ली कंपन्यांची सर्व्हिसच राहिली नाही.

त्यांच्या पॉलिसीत त्यांचा नंबर असता तर मुलाने 18 च्या आत दोन मिनिटांत हप्ता भरला असता. कोड कुणाचा लागला हे त्याने बघितलंही नसतं. माझं काही शे रुपयांचं कमिशन तेवढं गेलं असतं. म्हणून सांगतो, नंबर बदलून देऊ नका.

पत्राचा शेवट "सदैव आपला" असा करा. त्याखाली ता. क. टाका: "ग्राहकांच्या कोणत्याही सेवेसाठी माझा क्रमांक तोच आहे."

माझा राजीनामा नवव्या दिवशी मंजूर झाला. शाखाधिकाऱ्यांनी दाखल्यासोबत एक ओळीचं पत्र जोडलं होतं: "आपण सादर केलेल्या यादीतील 96 पॉलिसीधारकांचा मोबाइल क्रमांक एकच आहे, खुलासा करावा." तुम्हालाही असं पत्र येईल. घाबरू नका, उत्तर तयार ठेवा. मी लिहून पाठवलं, "एकत्र कुटुंब आहे."