तांबूस गालाचा रुपया : एका प्रतिक्रियेला उत्तर

"तुमचा लेख वाचून माझ्या आजीच्या गाठोड्यातला १९४५ चा रुपया मी तांबं-निकेलचा समजले, कारण राजाच्या गालावर पिवळट तांबूस रंग आहे. सराफाने कसोटीवर घासून चांदी आहे म्हणून सांगितलं. फोटोतल्या रंगावरून धातू ओळखता येतो असं लिहून लोकांची दिशाभूल करू नका. दोन फोटो पाठवतेय, बघा."

ताई, चूक माझीच आहे. "उंच भागावर तांबूस झाक म्हणजे चांदी नाही" हे वाक्य मी सरसकट लिहायला नको होतं, कारण नेमक्या तुमच्या रुपयाच्या बाबतीत ते उलटं पडतं. ते वाक्य आजच काढलंय. पण रंगावरून काहीच कळत नाही हे मात्र मला पटत नाही, आणि तुमच्याच दोन फोटोंवरून ते दाखवता येतंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१९४० च्या आधीचा बंदा रुपया म्हणजे शंभरात जवळपास ९२ भाग चांदी. महायुद्धात चांदीची टंचाई झाली आणि १९४० पासून रुपयात चांदी निम्मीच राहिली, ४० टक्के तांबं, आणि निकेल नि जस्त पाच-पाच टक्के. १९४५ पर्यंत हेच चाललं. म्हणजे तुमच्या सराफांचं बरोबर आहे, चांदी आहेच, फक्त निम्मी आहे. आणि वजनाने फरक कळेल म्हणाल तर तेही नाही, जुना काय आणि हा काय, रुपया ११.६६ ग्रॅमचाच, त्यामुळे तराजू इथे उपयोगाचा नाही.

आता एवढं तांबं असताना नवा रुपया पांढराशुभ्र कसा दिसायचा? छाप मारण्याआधी चकत्या भट्टीत तापवतात, त्यात वरच्या थरातलं तांबं हवेशी मिळून काळं पडतं, मग चकत्या आम्लात धुतल्या की ते काळं तांबं निघून जातं आणि वर चांदी जास्त असलेली एक पातळ साल उरते. रुपया हातोहात फिरला की ही साल सगळ्यात आधी कुठे झिजते, तर जे सगळ्यात वर आलेलं आहे तिथे, म्हणजे राजाचा गाल, कान, मुकुटाचे मणी. तिथे आतला तांबंवाला धातू उघडा पडतो आणि हवेत पिवळट-तांबूस होतो. अक्षरांच्या आजूबाजूला, कडेच्या आत साल शाबूत असते, तिथे करडं राहतं. ९२ टक्केवाल्या जुन्या रुपयात हे असं होत नाही, त्यात उंच भाग झिजून उलट पांढरा उजळ होतो आणि खोलगट जागा काळ्या राहतात. मी लेख लिहिताना डोळ्यासमोर तोच जुना रुपया ठेवला होता, तिथेच घोटाळा झाला.

तांबं-निकेलचं नाणं, म्हणजे जुनी चौकोनी चवली किंवा १९७५ ते १९९१ चा आपला रुपया, हे आतून बाहेरून एकच धातू असतं, तीन भाग तांबं नि एक भाग निकेल. त्याला साल बिल काही नाही. म्हणून ते मळलं तर सगळीकडे साधारण एकाच मापाचं मातकट पिवळं होतं, गाल वेगळा आणि आजूबाजूची सपाट जागा वेगळी असा नकाशा उमटत नाही. म्हणजे नुसता तांबूस रंग बघायचा नाही, तो कुठे आहे ते बघायचं. हे मी आधी लिहायला हवं होतं.

आता तुमचे फोटो. पहिला पिवळ्या बल्बखाली लाल कापडावर काढलाय, त्यात कापडाशेजारची पेपरची पांढरी किनारसुद्धा हळदीसारखी दिसतेय, म्हणजे मोबाईलने रंगाचा अंदाज चुकवलाय, त्या फोटोवरून मी काहीच बोलणार नाही आणि कुणी बोलूही नये. दुसरा खिडकीपाशी दिवसाउजेडी काढलाय आणि त्यात कागद कागदासारखाच पांढरा आहे, म्हणून त्यातल्या रंगावर विश्वास ठेवता येतो. त्यात तांबूसपणा गालावर, कानावर आणि मुकुटाच्या वरच्या भागात, बस, एवढाच. कडेच्या आत फिकट सोनेरी आणि अक्षरांच्या मुळाशी निळसर छटा. ही निळसर छटा फार महत्त्वाची. चांदीला हवेतला गंधक लागला की अतिशय पातळ थर बसतो, आणि थर जाड होत जाईल तसा रंग बदलतो, आधी फिकट सोनेरी, मग तांबूस-जांभळा, मग निळा, शेवटी काळा. नाणं हातात तिरकं केलं तर हे रंग थोडे सरकतात, मातकट डाग सरकत नाही. म्हणून मी नेहमी म्हणतो की एकाच जागेवरून, एकाच उजेडात, एक सरळ आणि एक तिरका असे दोन फोटो काढा, शेजारी पांढरा कागद ठेवा, फ्लॅश बंद आणि फिल्टर बंद.

यात एक मर्यादा आहे ती पण सांगतो. रुपया फारसा फिरलेलाच नसेल, साल सगळीकडे शाबूत असेल, तर निम्म्या चांदीचा आणि ९२ टक्क्यांचा रुपया फोटोत सारखाच दिसेल, तिथे मागच्या बाजूवरचं वर्ष वाचायचं, रंगाशी झटापट करायची नाही. विकणारे बऱ्याचदा फक्त राजाच्या बाजूचा फोटो पाठवतात, तेव्हा मागची बाजू मागून घ्या. आणि चिंच, राख नाहीतर पावडर लावून घासलेलं नाणं असेल तर सगळा पुरावाच गेलेला असतो. आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत मी असे चकचकीत रुपये ढिगाने बघितलेत, त्यात अक्षरांच्या खाचेत कुठे जुना करडा-निळा थर उरलाय का तेवढंच शोधायचं. तुमचा रुपया कृपा करून घासू नका, तो गालावरचा रंगच त्याची ओळख आहे.

जाता जाता, दुसऱ्या फोटोच्या कोपऱ्यात अर्धं कापलेलं एक छोटं नाणं दिसतंय, बहुतेक अधेली, म्हणजे अर्ध्या रुपयाचं नाणं. दोन्ही नाण्यांना कधीतरी एकच रबरबँड बांधलेला होता असं वाटतं, कारण रुपयावर आडवी काळी रेघ आहे, मध्ये काळी, कडेला निळी आणि त्याच्या बाहेर सोनेरी, रबरात गंधक असतो त्याचा हा परिणाम. अधेलीवर मात्र रेघेचा मागमूस नाही. तिचा रंग पोलादासारखा करडा, वर थोडी धुरकट झाक आणि अक्षरांच्या कडा अजून टोकदार. चांदी असती तर त्याच गाठोड्यात तिलाही रेघ पडली असती. मला ती निकेलची वाटतेय. १९४६ पासून अधेली शुद्ध निकेलची निघू लागली, कारण युद्धात अमेरिकेकडून उसनी घेतलेली चांदी परत करायची होती. उलटून बघा, वाघ दिसायला हवा. फ्रिजवरचं चुंबक लावून बघा, निकेल चिकटेल, तुमचा रुपया चिकटणार नाही. दोन्हींचं काय झालं ते इथेच लिहा, आणि वाघ नसेल तर तेही लिहा, मग अधेलीचा मागचा फोटो खिडकीपाशीच काढून पाठवा.